एकाच देशावर दोन तऱ्हेचे निर्बंध: इराणच्या प्रकरणातून दिसणारा कायदा

आर्थिक निर्बंधांवर वाद सुरू झाला की दोन ठरलेली विधानं हमखास पुढे येतात. एक म्हणजे, संयुक्त राष्ट्रांनी लादले तर कायदेशीर, एखाद्या देशानं एकट्यानं लादले तर बेकायदा. दुसरं म्हणजे, प्रत्येक देश सार्वभौम आहे, कुणाशी व्यापार करायचा आणि कुणाशी नाही हे त्याचं त्यानं ठरवावं. दोन्हींत तथ्य आहे, पण दोन्ही अर्ध्या वाटेवर थांबतात. ती कुठे थांबतात हे पाहायला इराणइतकं सोयीचं प्रकरण दुसरं नाही. एकाच देशावर, एकाच अणुकार्यक्रमाच्या कारणानं 2006 मध्ये सामूहिक निर्बंध आले. मग सामूहिक आणि एकतर्फी असे दोन्ही एकावर एक चढले. नंतर सामूहिक उठले आणि एकतर्फी तेवढे परत आले. शिवाय हा वाद हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयापर्यंत गेला, त्यामुळे न्यायाधीशांना त्यावर काहीतरी लिहून द्यावं लागलं.

परिषदेनं काय बंद केलं आणि काय नाही

सुरक्षा परिषदेचा अधिकार संयुक्त राष्ट्रांच्या सनदेतून येतो. शांततेला धोका आहे असं परिषदेनं ठरवलं, की कलम 41 खाली ती लष्कर न वापरता आर्थिक संबंध तोडायला सांगू शकते. कलम 25 मुळे तो निर्णय सगळ्या सदस्य देशांवर बंधनकारक होतो. कलम 103 मुळे सनदेखालचं कर्तव्य इतर करारांच्या वर जातं. म्हणजे इराणशी एखाद्या देशाचा व्यापार करार असला आणि परिषदेनं त्यातली एखादी वस्तू द्यायची नाही असं ठरवलं, तर तो करार आड येत नाही. सामूहिक निर्बंधांच्या कायदेशीरपणाचा कणा हाच आहे.

डिसेंबर 2006 मध्ये ठराव 1737 आला, मग 1747, 1803 आणि जून 2010 मध्ये सगळ्यांत कडक असा 1929. या शेवटच्या ठरावाच्या बाजूनं 12 मतं पडली, ब्राझील आणि तुर्कस्ताननं विरोधात मत दिलं, लेबनॉन तटस्थ राहिला. विरोधात मत दिलेल्या दोघांनाही ठराव पाळणं भाग होतं. सामूहिक असणं म्हणजे सगळ्यांचं एकमत असणं नव्हे. ठरवून दिलेल्या पद्धतीनं निर्णय झाला, एवढाच त्याचा अर्थ.

हे ठराव तसे अरुंद होते. अणू आणि क्षेपणास्त्राशी संबंधित साहित्य, जड शस्त्रास्त्रं, यादीतल्या व्यक्ती आणि कंपन्यांची मालमत्ता गोठवणं, संशयित जहाजांची तपासणी, असा त्यांचा आवाका. इराणचं तेल विकत घ्यायला संयुक्त राष्ट्रांनी कधीच बंदी घातली नाही. "यूएनच्या निर्बंधांनी इराणचं तेल अडवलं" असं वाक्य आजही सर्रास लिहिलं जातं. ते चूक आहे.

तेल अडवलं ते इतरांनी. ठराव 1929 च्या प्रस्तावनेत एक ओळ होती, इराणला ऊर्जाक्षेत्रातून मिळणारं उत्पन्न आणि अणुकार्यक्रमाला लागणारा पैसा यांत संबंध असू शकतो अशा अर्थाची. प्रस्तावनेतल्या ओळीनं कुणावर बंधन येत नाही. पण तिचा आधार घेऊन अमेरिकेनं इराणच्या केंद्रीय बँकेशी तेलाचे मोठे व्यवहार करणाऱ्या परदेशी बँकांवर कारवाईचा कायदा केला, आणि युरोपीय संघानं जुलै 2012 पासून इराणी तेलाची खरेदी थांबवली. त्याच वर्षी मार्चमध्ये, युरोपीय नियमानुसार, बँकांमधले व्यवहाराचे संदेश पोचवणाऱ्या बेल्जियमच्या स्विफ्टनं निर्बंध असलेल्या इराणी बँकांची संदेशसेवा तोडली. हे सगळे उपाय कायद्याच्या दृष्टीनं एकतर्फीच होते, कारण परिषदेनं ते सांगितलेले नव्हते.

रशिया आणि चीनचं म्हणणं असं, की परिषदेनं ठरवलं ती कमाल मर्यादा, तिच्यावर कुणी चढवू नये. अमेरिका आणि युरोपच्या लेखी ती किमान मर्यादा होती. ठरावाच्या मजकुरात दोन्हींपैकी काहीच लिहिलेलं नाही, आणि असा वाद तोडण्याची सोपी जागाही कुठे नाही. पण खाली सामूहिक थर असल्यामुळे वरच्या थराच्या कायदेशीरपणाबद्दल तेव्हा फार कुणी कुरकुर केली नाही.

खालचा थर निघून गेला तेव्हा

जुलै 2015 मध्ये इराण आणि अमेरिकेसह सहा मोठ्या देशांमध्ये अणुकरार झाला: इराणनं अणुकार्यक्रमावर मर्यादा घालून घ्यायच्या, बदल्यात निर्बंध उठायचे. सुरक्षा परिषदेनं ठराव 2231 एकमतानं मंजूर करून त्याला मान्यता दिली, आणि जानेवारी 2016 मध्ये जुने ठराव संपुष्टात आले. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्था इराण अटी पाळतो आहे असं वेळोवेळी नोंदवत होती. अशात 8 मे 2018 रोजी अमेरिका करारातून बाहेर पडली आणि आपले निर्बंध ऑगस्ट आणि नोव्हेंबर अशा दोन टप्प्यांत परत लागू करायचं तिनं जाहीर केलं.

आता चित्र स्वच्छ झालं. परिषदेचे जुने निर्बंध उठलेले, परिषदेनं उचलून धरलेला करार चालू, युरोप त्याच्या बाजूनं, आणि समोर फक्त एका देशाचे निर्बंध. एकतर्फी निर्बंध एकट्यानं किती चालतात, हे आता दिसणार होतं.

चालले. फ्रान्सच्या टोटाल या तेल कंपनीनं इराणमधला दक्षिण पार्सचा नैसर्गिक वायूचा प्रकल्प सोडला. इराण एअरनं एअरबसकडे 100 विमानं मागवली होती, त्यातली तीनच पोचली. एटीआरची 20 मागवली होती, त्यातली 13 आली, आणि त्यांपैकी शेवटची पाच तेहरानला उतरली ती ऑगस्टचा टप्पा सुरू व्हायच्या अगदी तोंडावर. ही विमानं युरोपातली, पण त्यांत अमेरिकी भाग ठरावीक प्रमाणाहून जास्त, म्हणून अमेरिकेचा परवाना लागायचा आणि तो रद्द झाला होता. भारताच्या परराष्ट्रमंत्री सुषमा स्वराज यांनी मे 2018 मध्येच सांगितलं होतं, की भारत फक्त संयुक्त राष्ट्रांचे निर्बंध मानतो, कुठल्या एका देशाचे नाही. भूमिका कायद्याला धरून होती. पण नोव्हेंबरमध्ये भारतासह आठ खरेदीदारांना मिळालेली सहा महिन्यांची सवलत मे 2019 मध्ये संपली आणि भारतानं इराणी तेल घेणं थांबवलं.

कायदेशीर की बेकायदा: प्रश्नाचे तुकडे करावे लागतात

"अमेरिकेचे निर्बंध" असं एकत्र बोललं की उत्तर सापडत नाही. त्यात निदान तीन वेगळ्या गोष्टी आहेत आणि प्रत्येकीचं उत्तर वेगळं आहे.

पहिली गोष्ट, अमेरिकेनं स्वतःचा इराणशी व्यापार बंद करणं. सर्वसाधारण आंतरराष्ट्रीय कायद्यात कुणाशी व्यापार केलाच पाहिजे असं कर्तव्य नाही. मैत्रीला न शोभणारी, पण स्वतःच्या हक्कातली कृती, तिला कायद्याच्या भाषेत रिटॉर्शन म्हणतात. इथे लागू पडणारा निकाल 1986 चा, निकाराग्वा विरुद्ध अमेरिका. अमेरिकेनं निकाराग्वाची आर्थिक मदत थांबवली होती, साखरेचा कोटा 90 टक्क्यांनी कापला होता आणि मे 1985 मध्ये संपूर्ण व्यापारबंदी घातली होती. या आर्थिक कृतींमुळे हस्तक्षेप न करण्याच्या रूढ तत्त्वाचा भंग होतो असं मानता येत नाही, असं न्यायालयानं एका ओळीत सांगून टाकलं. एकतर्फी निर्बंधांची बाजू घेणारे आजही याच ओळीवर उभे आहेत.

पण त्याच निकालात पुढे न्यायालय म्हणतं, की ही व्यापारबंदी दोन देशांमधल्या 1956 च्या मैत्री कराराच्या उद्देशाला हरताळ फासते. म्हणजे सर्वसाधारण कायदा आड आला नाही, पण द्विपक्षीय करार आला. निकालाचा हा अर्धा भाग वादात बहुतेकदा गाळला जातो. इराणच्या वकिलांनी तो गाळला नाही.

दुसरी गोष्ट, प्रतिउपायांचा बचाव. समोरच्यानं आधी कायदा मोडला असेल, तर त्याला ताळ्यावर आणायला आपणही एखादं कर्तव्य तात्पुरतं बाजूला ठेवू शकतो. आंतरराष्ट्रीय कायदा आयोगानं 2001 मध्ये त्याच्या अटी लिहून काढल्या: आधीचा भंग हवा, उपाय प्रमाणात हवा, शक्यतो मागे घेता येण्याजोगा हवा, आणि मूलभूत मानवी हक्कांना धक्का लागता कामा नये. 2018 मध्ये हा बचाव जड जाणारा होता, कारण ज्या करारावरून भांडण होतं तो इराण पाळतो आहे असा देखरेख करणाऱ्या संस्थेचाच अहवाल होता. शिवाय स्वतःचं नुकसान न झालेला तिसरा देश असे उपाय करू शकतो का, हा प्रश्न आयोगानं कलम 54 मध्ये मुद्दाम उघडा ठेवला. इतर अनेक प्रकरणांत खरी लढाई याच उघड्या जागेत होते.

तिसरी गोष्ट, म्हणजे दुय्यम निर्बंध, ही सगळ्यांत कच्ची. इथे अमेरिका आपल्या कंपनीला नाही, तर तिसऱ्या देशाच्या कंपनीला सांगते की इराणशी व्यवहार केलास तर माझी बाजारपेठ तुला बंद. अमेरिकेचा युक्तिवाद असा, की आम्ही कुणाला हुकूम करत नाही, आमच्या दारात कुणाला घ्यायचं एवढंच ठरवतो. विरोधकांचं म्हणणं, की परिणाम हुकमाचाच आहे, आणि दुसऱ्या देशात दुसऱ्या देशाच्या माणसांनी काय करावं हे ठरवायला काहीतरी कायदेशीर धागा लागतो.

तो धागा प्रत्येक व्यवहारात सारखा नसतो, आणि माझ्या मते उत्तर तिथेच आहे. डॉलरमधला व्यवहार न्यूयॉर्कच्या बँकेतून जातो, तेव्हा अमेरिकेच्या भूमीवर काहीतरी खरंच घडतं. फ्रान्सच्या बीएनपी परिबा बँकेनं 2014 मध्ये सुमारे 900 कोटी डॉलरचा भुर्दंड मान्य केला तो अशाच व्यवहारांसाठी. विमानातल्या अमेरिकी भागांचा धागा त्याहून पातळ, कारण भाग विकून झाल्यावर त्यावर किती काळ हक्क सांगायचा? आणि सप्टेंबर 2019 मध्ये चीनच्या कॉस्को या जहाजसमूहाच्या दालियनमधल्या टँकर कंपनीवर इराणी तेल वाहिल्याबद्दल निर्बंध आले, तिथे चिनी कंपनी, इराणी माल, आणि कारवाईचा आधार म्हणजे अमेरिकेचं परराष्ट्र धोरण. बाजारपेठ नाकारण्याच्या हक्कापलीकडे इथे दाखवायला फारसं काही उरत नाही. हे बेकायदाच आहे असं कुठल्या आंतरराष्ट्रीय न्यायालयानं थेट म्हटलेलं नाही. पण बाजू मांडायची वेळ आली तर मला अमेरिकेच्या वकिलाची खुर्ची नको.

हेगमध्ये

जुलै 2018 मध्ये इराण हेगला गेला तो अमेरिकेशी झालेला 1955 चा मैत्री करार घेऊन. शहाच्या काळातला हा करार 1979 ची क्रांती, ओलीसनाट्य, सगळं पचवून कागदावर जिवंत राहिला होता. एरवी या न्यायालयात अमेरिकेला तिच्या मर्जीविरुद्ध खेचणं कठीण, पण या करारात वाद न्यायालयात नेण्याचं कलम होतं. दार तेवढंच होतं, म्हणून इराणला आपली तक्रार करारातल्या व्यापाराच्या आणि पैसे पाठवण्याच्या कलमांत बसवावी लागली. "एकतर्फी निर्बंध मुळात बेकायदा आहेत का?" हा मोठा प्रश्न न्यायालयासमोर नव्हताच.

3 ऑक्टोबर 2018 रोजी न्यायालयानं एकमतानं अंतरिम आदेश दिला: औषधं आणि वैद्यकीय साधनं, अन्न आणि शेतमाल, आणि नागरी विमानांच्या सुरक्षिततेसाठी लागणारे सुटे भाग व सेवा, यांच्या निर्यातीतले अडथळे काढा, आणि त्यांच्यासाठी लागणारे परवाने आणि पैशाची देवाणघेवाण अडवू नका. पैशाचा हा उल्लेख महत्त्वाचा. औषधांना सूट आहेच असं अमेरिकेचं म्हणणं होतं आणि कागदावर ते खरं होतं. पण औषधाची किंमत चुकती करायला बँक लागते, आणि कुठलीच मोठी बँक इराणचं नाव असलेला व्यवहार हातात घ्यायला तयार नव्हती. स्वित्झर्लंडनं अमेरिकेच्या संमतीनं खास मार्ग काढला, त्यातून जानेवारी 2020 मध्ये कर्करोग आणि अवयव प्रत्यारोपणासाठीची 23 लाख युरोंची औषधं चाचणी म्हणून पाठवण्यात आली. आठ कोटींहून अधिक लोकांच्या देशासाठी एवढ्या रकमेची खेप पाठवायला दोन सरकारांना मधे पडावं लागलं. यावरून सूट कितपत चालत होती ते कळतं.

आदेश आला त्याच दिवशी अमेरिकेनं 1955 चा करार संपवत असल्याचं जाहीर केलं. करारानुसार एक वर्षाची मुदत होती, त्यामुळे चालू खटला बुडाला नाही, आणि फेब्रुवारी 2021 मध्ये न्यायालयानं अमेरिकेचे आक्षेप फेटाळून आपलं अधिकारक्षेत्र मान्य केलं. तिसऱ्या देशांतल्या कंपन्यांवरचे उपाय कराराच्या कक्षेबाहेर आहेत हा आक्षेपही त्यात सरसकट मान्य झाला नाही, तो प्रश्न मुख्य सुनावणीसाठी ठेवला गेला. पण इराणनं वापरलेलं दार नव्या तक्रारींसाठी कायमचं बंद झालं.

हॅम्बुर्गमधली टेलिफोन लाइन

युरोपनं अमेरिकेच्या दुय्यम निर्बंधांना बेकायदा म्हणून तिथेच सोडलं नाही. 1996 चा एक नियम अद्ययावत करून युरोपीय कंपन्यांना हे निर्बंध पाळायलाच मनाई केली. मग काय झालं ते पाहण्यासारखं आहे.

इराणच्या बँक मेल्लीची हॅम्बुर्गला शाखा होती. तिच्या टेलिफोन आणि इंटरनेटच्या लाइन जर्मनीच्या टेलिकॉम या कंपनीकडून घेतलेल्या. बिलं वेळेवर भरली जात होती. नोव्हेंबर 2018 मध्ये बँक अमेरिकेच्या निर्बंधांच्या यादीत गेली आणि काही दिवसांतच टेलिकॉमनं करार तडकाफडकी संपवला. टेलिकॉम समूहाची जवळजवळ निम्मी उलाढाल अमेरिकेत होती, एवढं सांगितलं की कारण वेगळं सांगायला नको. बँक कोर्टात गेली, आणि डिसेंबर 2021 मध्ये युरोपीय संघाच्या न्यायालयानं निकाल दिला. अमेरिकेनं कंपनीला वेगळा हुकूम दिला नसला तरी मनाई लागू होते. कंपनी कारण न देता करार संपवू शकते, पण निर्बंधांना घाबरून तसं केलं असं सकृद्दर्शनी दिसलं, तर खरं कारण वेगळं होतं हे सिद्ध करण्याची जबाबदारी कंपनीवर. मात्र करार चालू ठेवल्यानं कंपनीचं नुकसान प्रमाणाबाहेर होणार असेल, तर राष्ट्रीय न्यायालयानं तेही तोलावं.

शेवटच्या वाक्यानं नियमातली हवा बरीचशी निघून जाते. अमेरिकेचे निर्बंध युरोपात कायदेशीर नाहीत असं म्हणायचं, आणि ते मोडल्यावर होणारं नुकसान मात्र तराजूत टाकायचं. युरोपनं इराणशी व्यापारासाठी 2019 मध्ये इन्स्टेक्स नावाची वेगळी यंत्रणाही काढली होती. पहिला व्यवहार व्हायला मार्च 2020 उजाडलं, आणि 2023 मध्ये तिचा गाशा गुंडाळला गेला.

एकट्यानं सामूहिक होण्याचा प्रयत्न

आता उलटी बाजू. एकतर्फी निर्बंध इतके चालत होते तर अमेरिकेला परिषदेची गरज काय होती? शस्त्रास्त्रबंदीसाठी होती. रशिया आणि चीन यांना डॉलरच्या धाकानं शस्त्रं विकण्यापासून अडवणं कठीण, आणि ठराव 2231 मधली शस्त्रबंदी ऑक्टोबर 2020 मध्ये संपत होती. ऑगस्टमध्ये ती वाढवण्याचा अमेरिकी ठराव मतदानाला आला. बाजूनं दोन मतं पडली, अमेरिकेचं आणि डोमिनिकन रिपब्लिकचं. रशिया आणि चीननं विरोध केला, अकरा तटस्थ राहिले.

मग अमेरिकेनं स्नॅपबॅकचं शस्त्र काढलं. 2231 मध्ये अशी तरतूद होती, की करारातल्या सहभागी देशानं गंभीर भंगाची तक्रार केली आणि 30 दिवसांत परिषदेनं निर्बंधमुक्ती चालू ठेवण्याचा ठराव केला नाही, तर जुने ठराव आपोआप परत येतात. म्हणजे नकाराधिकार उलटा वापरता येतो: तक्रार करणारा देश स्वतःच तो ठराव अडवू शकतो. अमेरिकेचं म्हणणं, ठरावात सहभागी म्हणून आमचं नाव छापलेलं आहे, ते कुणी खोडलेलं नाही. बाकीच्यांचं म्हणणं, तुम्ही करार सोडलात, मग सहभागी कसले? पंधरापैकी तेरा सदस्यांनी ही तक्रार निष्प्रभ असल्याचं कळवलं, आणि त्या महिन्याचे अध्यक्ष, इंडोनेशियाचे प्रतिनिधी, पुढची कारवाई करण्याच्या स्थितीत आपण नाही असं म्हणाले. अमेरिकेनं सप्टेंबरमध्ये निर्बंध परत आल्याचं जाहीर करून टाकलं. इतरांनी ते मानलं नाही, आणि फेब्रुवारी 2021 मध्ये नव्या सरकारनं तो दावा मागे घेतला. ज्या देशाच्या शब्दावर हॅम्बुर्गची टेलिफोन लाइन तुटते, त्याला परिषदेच्या नावानं बोलता आलं नाही.

पाच वर्षांनी हीच तरतूद ब्रिटन, फ्रान्स आणि जर्मनीनं वापरली. ते करारातून बाहेर पडलेले नव्हते, त्यामुळे अमेरिकेवरचा आक्षेप त्यांना लागू नव्हता. इराणनंही 2019 पासून करारातल्या मर्यादा एकेक करून ओलांडल्या होत्या. 28 ऑगस्ट 2025 रोजी तक्रार दाखल झाली. 19 सप्टेंबरला निर्बंधमुक्ती चालू ठेवण्याच्या ठरावाला चारच मतं मिळाली, नऊ विरोधात गेली. महिनाअखेरीला 1737 पासून 1929 पर्यंतचे ठराव परत लागू झाले, आणि युरोपीय संघानं आपले निर्बंधही परत आणले.

रशिया, चीन आणि इराणला हे मान्य नाही. करारातली वादनिवारणाची पायरी ब्रिटन, फ्रान्स आणि जर्मनीनं नीट पूर्ण केली नाही, असा त्यांचा मुद्दा, आणि 18 ऑक्टोबर 2025 रोजी ठराव 2231 ची मुदत संपून हा विषय परिषदेपुरता मिटला असं त्यांचं म्हणणं. या वादाचे परिणाम किरकोळ नाहीत. निर्बंधांवर देखरेख करणारी समिती आणि तज्ज्ञ गट पुन्हा उभे करायला परिषदेतच सहकार्य लागतं, आणि नकाराधिकार असलेले दोन देश ते ठराव अस्तित्वातच नाहीत असं धरून चालले आहेत. युरोपातल्या बंदरात ठराव 1929 खाली अडवता येणारा कंटेनर चीनच्या बंदरात साधा माल असतो. अमेरिकेचे एकतर्फी निर्बंध मात्र या वादात कुठेच थांबले नाहीत, त्यांना परिषदेतली मतं मोजावी लागली नाहीत.